पंधरा पावलांचा फेरा

कागदावर शेजारीशेजारी चार घरं आखा आणि त्यांत 1, 0, 0, 0 लिहा. नियम एवढाच, की प्रत्येक पावलाला सगळे अंक एकेक घर उजवीकडे सरकतात. चौथ्या घरातला अंक बाहेर पडतो आणि रिकाम्या झालेल्या पहिल्या घरात नवा अंक येतो. हा नवा अंक ठरतो सरकण्याआधीच्या तिसऱ्या आणि चौथ्या घरांवरून: दोन्ही सारखे असतील तर 0, वेगळे असतील तर 1. या तुलनेला इलेक्ट्रॉनिक्समध्ये एक्सॉर म्हणतात, ज्या घरांतून अंक वाचला ती घरं म्हणजे टॅप, आणि हे सगळं यंत्र म्हणजे लिनिअर फीडबॅक शिफ्ट रजिस्टर.

पेन्सिलीने करून पाहा. 1000 नंतर 0100, मग 0010, 1001, 1100... पंधराव्या पावलाला पुन्हा 1000 येतं. बाहेर पडलेले अंक असे: 000100110101111. आठ वेळा 1, सात वेळा 0, आणि क्रम असा की नाणं उडवून लिहिल्यासारखा वाटावा. तो खराखुरा यादृच्छिक नाही. त्याच घरांपासून पुन्हा सुरुवात केली की तोच क्रम येतो. म्हणून त्याला आभासी यादृच्छिक म्हणायचं.

चार घरांत अंक मांडायच्या रीती सोळा. त्यांतली 0000 निरुपयोगी, कारण शून्यांची तुलना शून्यच देते आणि यंत्र तिथेच अडकून बसतं. उरल्या पंधरा. आपण सगळ्या पंधरांना भेट देऊन आलो, म्हणजे याहून लांब फेरा शक्यच नाही. पण हे यश टॅपच्या निवडीचं आहे. तिसऱ्याऐवजी दुसरं घर घ्या, चौथं तसंच ठेवा: सहाव्या पावलालाच 1000 परत येतं. उरलेल्या नऊ मांडण्या वेगळ्या छोट्या फेऱ्यांत फिरत राहतात आणि आपल्याला त्या कधी दिसतच नाहीत.

वाईट निवडी ओळखायच्या दोन सोप्या खुणा आहेत. शेवटच्या घराला टॅप हवाच. नसेल तर दोन वेगळ्या मांडण्या पुढच्या पावलाला एकच होतात आणि सुरुवातीची मांडणी कधीच परत न येण्याची शक्यता असते. दुसरी खूण म्हणजे टॅपची संख्या सम हवी. ती विषम असेल, तर 1111 मधून नवा अंकही 1 येतो आणि तीही मांडणी शून्यासारखीच गोठते. मात्र या चाळणीतून पार झालं म्हणजे काम झालं, असं नाही. चारही घरांना टॅप लावा. दोन्ही खुणा जुळतात, तरी फेरा पाचच पावलांचा निघतो.

मग खात्री कशी करायची? पंधरा पावलं हाताने मोजता येतात. चौसष्ट घरांचं रजिस्टर मात्र सेकंदाला शंभर कोटी पावलं टाकली तरी पूर्ण फेऱ्याला साडेपाचशेहून अधिक वर्षं घेईल. इथे एक सुंदर युक्ती कामी येते. एका पावलाचा नियम स्वतःशीच जोडला की दोन पावलांचा नियम मिळतो, तो जोडला की चारांचा, मग आठांचा. अशा उड्या मारत कितीही दूरच्या पावलावर थेट पोहोचता येतं. आता पंधराव्या पावलावर मूळ मांडणी परत आली, तर खरा फेरा पंधराला नि:शेष भाग जाणाऱ्या लांबीचाच असणार: 15, 5, 3 किंवा 1. म्हणून पाचव्या आणि तिसऱ्या पावलावर ती परत येत नाही ना, एवढंच पाहायचं. चारही टॅपवालं यंत्र पाचव्यावर पकडलं जातं. दुसऱ्या-चौथ्या घरांचं तर पंधराव्यावरच, कारण सहाच्या पाढ्यात पंधरा नाही. चौसष्ट घरांसाठी पूर्ण फेऱ्याच्या संख्येचे मूळ अवयव सातच आहेत, म्हणजे परतण्याच्या तपासणीशिवाय आणखी सातच तपासण्या.

जीपीएसच्या नागरी संकेतात दहा घरांची अशी दोन रजिस्टरं असतात; त्यांचे अंक एक्सॉरने एकत्र करून प्रत्येक उपग्रहाचा वेगळा संकेत बनतो. आपल्या नाविक प्रणालीच्या सर्वसामान्य सेवेतही हीच रचना आहे. पहिल्या रजिस्टरचे टॅप तिसऱ्या आणि दहाव्या घरावर. पूर्ण फेरा 1023 अंकांचा, आणि सेकंदाला 10 लाख 23 हजार अंक या वेगाने तो दर एक मिलिसेकंदाला पुन्हा सुरू होतो. 1023 म्हणजे 3 × 11 × 31. तेव्हा 1023व्या पावलावर मूळ मांडणी परत यायला हवी आणि 341, 93 व 33 या पावलांवर यायला नको. तिसऱ्या-दहाव्या घरांची जोडी या चारही तपासण्यांतून पार होते.

आठ घरांसाठी मात्र अशी कुठलीच जोडी सापडत नाही. तिथे चार टॅप लागतात, आणि 8, 6, 5, 4 ही निवड पूर्ण 255 पावलांचा फेरा देते. तक्त्यातून असे आकडे उचलताना एक चूक नेहमी होते. काही तक्ते पहिल्या घराला 1 म्हणतात, तर काही 0. एका घराची गफलत झाली तरी यंत्र चालतच राहतं, अंकही विस्कळीत दिसतात, आणि फेरा आखूड झालाय हे डोळ्यांना कळत नाही. ते मोजल्यावरच कळतं.