बटण बंद, तरी बल्ब जागा

रात्री पॅसेजमधला दिवा बंद करावा आणि अंधाराला डोळे सरावल्यावर लक्षात यावं की तो पुरता विझलेलाच नाही. एलईडीच्या पांढऱ्या टोपीतून मंद उजेड झिरपतोय. काही घरांत उजेड सलग नसतो. दर तीन-चार सेकंदांनी बल्ब क्षणभर चमकतो आणि पुन्हा विझतो. लोक बल्ब बदलून आणतात, नवा बल्बही तेच करतो, मग दुसऱ्या कंपनीचा आणतात. बहुतेक वेळा बिघाड बल्बमध्ये नसतोच. त्या वायरींमधून बटण बंद असतानाही थोडासा प्रवाह आधीपासूनच वाहत होता. जुन्या पिवळ्या बल्बला त्याचा पत्ता लागत नव्हता, एलईडीला लागतो.

पिवळा साठचा बल्ब २३० व्होल्टवर सुमारे २६० मिलिअँपियर प्रवाह घेतो. एवढा प्रवाह मिळाला की त्याची तार तापून पांढरी होते. त्या तारेतून एक दशांश मिलिअँपियर सोडला तर ती कोमटसुद्धा होत नाही. थंड तारेचा रोध जेमतेम साठ-सत्तर ओहम असल्यामुळे तो चिमुकला प्रवाह तिच्यातून सहज निघून जातो आणि बल्बच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज साठतच नाही. एलईडीचं वेगळं आहे. तिला तापावं लागत नाही. अंधाऱ्या खोलीत डोळ्यांना जाणवेल इतका उजेड ती काही मायक्रोअँपियरवरही देते, म्हणजे एका मिलिअँपियरच्या शंभराव्या भागावरसुद्धा.

आता हा प्रवाह येतो कुठून, ते पाहू. सगळ्यात सोपं कारण स्विचमध्येच असतं. अंधारात बटण सापडावं म्हणून काही मॉड्युलर स्विचमध्ये लाल इंडिकेटर दिलेला असतो. तो स्विचच्या दोन टोकांमध्ये जोडलेला असेल तर बटण बंद असताना त्याला पेटण्यासाठी लागणारा प्रवाह बल्बमधूनच पुढे जातो. हा प्रवाह साधारण अर्धा ते एक मिलिअँपियर असतो आणि एलईडीला जागं ठेवायला तो पुरेसा आहे. बटण बंद केल्यावर इंडिकेटर पेटतो आणि बल्बही मिणमिणतो, अशी जोडी दिसली तर कारण सापडलं म्हणून समजा. इंडिकेटरची जोडणी काढून टाकली किंवा बोर्डमध्ये न्यूट्रल असेल तर त्याला वेगळं न्यूट्रल दिलं, की प्रश्न मिटतो.

दुसरं कारण अधिक गमतीचं आहे, कारण तिथे कुठेच काही चुकलेलं नसतं. जिन्याचा किंवा लांब पॅसेजचा दिवा दोन ठिकाणांहून चालू-बंद करता यावा म्हणून टू-वे वायरिंग करतात. खालच्या स्विचपासून वरच्या स्विचपर्यंत एकाच पाइपमधून दोन वायरी जातात. दिवा बंद असतो तेव्हा त्यांतल्या एकीत फेज असतो आणि दुसरी बल्बला जोडलेली असते. दोन्ही एकमेकींना कुठेही टेकत नाहीत. पण दोन तांब्याच्या तारा, मध्ये इन्सुलेशन, आणि दोघी कित्येक मीटर शेजारी-शेजारी, म्हणजे तो नकळत तयार झालेला एक लांबलचक कपॅसिटरच असतो. एसी प्रवाह कपॅसिटरमधून थोडा का होईना, पलीकडे जातोच.

किती जातो, याचा हिशेब करता येतो. मीटरला शंभर पिकोफॅरड धरले आणि पाइप पंधरा मीटर लांब असला, तर एकूण दीड हजार पिकोफॅरड होतात. २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झला त्यातून सुमारे ०.१ मिलिअँपियर प्रवाह जातो. आता साध्या ९ वॅटच्या बल्बच्या आत डोकावू. आलेला एसी प्रथम डीसी होतो आणि एका छोट्या कपॅसिटरमध्ये साठतो. या कपॅसिटरची क्षमता ४.७ मायक्रोफॅरड धरली, तर ०.१ मिलिअँपियरने त्याचं व्होल्टेज सेकंदाला सुमारे वीस व्होल्टने वाढतं. गळक्या नळाखाली ठेवलेला तांब्या भरावा तसा तो थेंबाथेंबाने भरत राहतो. ऐंशीएक व्होल्ट झाले की आतलं ड्रायव्हर सर्किट चालू होऊ पाहतं, साठलेलं सगळं एका क्षणात एलईडींना देऊन टाकतं आणि पुन्हा रिकामं होतं. चार सेकंदांनी पुन्हा तेच. लुकलुकण्याचा तो नियमित ताल येतो तो इथून. ज्या बल्बांचं सर्किट याहून साधं असतं, त्यांत प्रवाह थेट एलईडींपर्यंत पोहोचतो आणि लुकलुक न होता सलग मंद उजेड दिसतो. म्हणून एकाच होल्डरमध्ये एक बल्ब चमकतो, दुसरा मिणमिणतो आणि तिसरा पूर्ण विझतो.

बटण बंद केल्यावर दोन-चार सेकंद बल्ब मंद होत-होत विझत असेल, तर मात्र काळजीचं कारण नाही. कपॅसिटरमध्ये उरलेली वीज तेवढी संपते. रात्रभर चालू राहणारा उजेड हाच आपला विषय आहे.

तिसरं कारण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. स्विच फेजमध्ये असायला हवा, पण तो न्यूट्रलमध्ये बसलेला असतो. घरगुती वायरिंगच्या आयएस ७३२ या भारतीय मानकानुसार एकेरी स्विच फेजच्याच वायरीत असावा लागतो. तरी जुन्या इमारतींत, किंवा घाईत झालेल्या दुरुस्तीनंतर, फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झालेली सापडते. मग बटण बंद केलं तरी फेज बल्बपर्यंत येऊन उभाच असतो. बल्बच्या पलीकडची वायर भिंतीतल्या इतर वायरींच्या, ओलीच्या आणि अर्थिंगच्या सान्निध्यात असते. तिच्यातून तोच चिमुकला प्रवाह जमिनीकडे वाट काढतो आणि बल्ब मिणमिणतो. मिणमिणण्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते, बटण बंद आहे म्हणून निर्धास्तपणे बल्ब बदलायला हात घालणाऱ्याचं. आपल्याकडे पिनचे होल्डर सर्रास असतात, आणि अशा होल्डरच्या पिनांवर त्या वेळी पूर्ण २३० व्होल्ट असतात.

हे ओळखायचं कसं? दोन पिनांच्या प्लगचा टेबल लँप असेल आणि त्याच्या वायरीवर स्विच असेल, तर तपासणी अगदी सोपी. लँप बंद करा, मिणमिणतोय का पाहा, मग प्लग काढून उलटा करून लावा. मिणमिण थांबली तर स्विच आधी न्यूट्रलच्या बाजूला पडत होता. छताच्या दिव्यासाठी इलेक्ट्रिशियनला बोलवा. तो बल्ब काढून, बटण बंद ठेवून होल्डरच्या पिनांवर टेस्टर लावेल. टेस्टर झगझगीत पेटला तर स्विच न्यूट्रलमध्ये असण्याची दाट शंका. पण टेस्टरचा निऑनही मायक्रोअँपियरवरच पेटतो, त्यामुळे शेजारच्या वायरीतून आलेल्या त्या चिमुकल्या प्रवाहानेही तो मंद पेटू शकतो. डिजिटल मीटरही फसतो. तो साठ-सत्तर व्होल्ट दाखवतो आणि माणूस गोंधळतो. अनुभवी माणूस अशा वेळी त्या जागी जुना पिवळा बल्ब जोडून पुन्हा मोजतो. शेजारून झिरपलेलं व्होल्टेज असेल तर बल्ब जोडताच ते कोसळून शून्याजवळ येतं. होल्डरचं टोक आणि अर्थिंग यांच्यामध्ये पूर्ण २३० व्होल्ट तसेच टिकले, तर फेज खरोखरच तिथे येऊन थांबलेला आहे. घरातले सगळेच दिवे मिणमिणत असतील तर एकेक बोर्ड उघडत बसण्याआधी मीटरजवळ किंवा मेन स्विचमध्येच फेज-न्यूट्रल उलटे झालेत का, ते बघावं.

न्यूट्रलचा स्विच दुरुस्त करावाच लागतो. त्याला पर्याय नाही. टू-वे वायरिंगच्या मिणमिणीवर मात्र साधा उपाय आहे. बल्बच्या दोन टोकांना समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा, एक्स-२ प्रकारचा, २७५ व्होल्ट एसीचा कपॅसिटर इलेक्ट्रिशियनकडून लावून घ्यावा. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे बत्तीस हजार ओहम असतो. ०.१ मिलिअँपियर त्यातून गेला की बल्बच्या टोकांवर तीनेक व्होल्टच उरतात आणि त्यावर कोणताही बल्ब पेटत नाही. एक्स-२ हा प्रकार मेन्सवर कायम जोडून ठेवण्यासाठीच बनवलेला असतो, त्याच्या जागी हाताशी असलेला कुठलाही कपॅसिटर चालत नाही. आणि हा कपॅसिटर लावून न्यूट्रलमधल्या स्विचची मिणमिणही थांबते, म्हणून आधी कारण शोधायचं आणि मग कपॅसिटर. नाहीतर धोका तसाच राहतो आणि तो दाखवणारी खूण मात्र पुसली जाते.

डिमरची गोष्टही याच मुद्द्यावर येते, फक्त उलट बाजूने. तिथे चिमुकला प्रवाह जास्त होत नाही, कमी पडतो. अमेरिकेत जोएल स्पायरा यांनी १९५९ च्या सुमारास घरगुती वापराचा इलेक्ट्रॉनिक डिमर बनवला आणि १९६१ मध्ये ल्यूट्रॉन ही कंपनी काढली. त्या काळी डिमरपुढे असायचा तो तारेचा बल्बच. आपल्याकडच्या गोल बटणाच्या डिमरमध्ये ट्रायॅक असतो. ५० हर्ट्झच्या विजेची प्रत्येक अर्धलहर दहा मिलिसेकंदांची असते. ट्रायॅक तिच्या सुरुवातीचा काही भाग अडवतो आणि मग वीज सोडतो. अडवलेला भाग वाढवला की उजेड कमी. एकदा उघडलेला ट्रायॅक लहर संपेपर्यंत उघडा राहतो, पण एका अटीवर. त्यातून ठराविक किमान प्रवाह वाहत राहिला पाहिजे, आणि हा किमान प्रवाह काही दहा मिलिअँपियरचा असतो.

हॉलमध्ये साठचे चार पिवळे बल्ब होते, एकूण २४० वॅट. डिमरवर किमान ६० वॅट भार लिहिलेला. बल्ब बदलून ९ वॅटचे चार एलईडी लावले, भार झाला ३६ वॅट. शिवाय एलईडीचा ड्रायव्हर प्रवाह सलग घेत नाही, मध्येच झटका घेऊन थांबतो. थांबला की ट्रायॅक बंद पडतो, पुन्हा उघडू पाहतो, पुन्हा पडतो. दर अर्धलहरीला हे वेगवेगळ्या क्षणी घडतं, म्हणून उजेड थरथरतो. तारेला तापायला आणि निवायला वेळ लागत असल्याने ती असे धक्के गिळून टाकायची, एलईडी ते जसेच्या तसे दाखवते. त्यातच लहरीच्या मध्यात अचानक उघडणारा ट्रायॅक बल्बमधल्या रिकाम्या कपॅसिटरवर एकदम व्होल्टेज टाकतो. त्या धक्क्याने डिमर गुणगुणतो आणि बल्ब लवकर मरतात.

साध्या एलईडीला तर मंद होणंच जमत नाही. तिचा ड्रायव्हर प्रवाह कायम सारखा ठेवण्यासाठी बनवलेला असतो. बटण अर्धं फिरवलं तरी तो उजेड पूर्ण ठेवण्याची धडपड करतो आणि मग एका टप्प्यावर एकदम कोलमडतो. बटण फिरतंय, उजेड तसाच, मग अचानक लुकलुक, मग अंधार, असं दिसलं की हा बल्ब डिमरसाठी नाही हे नक्की.

बल्ब डिमेबल असूनही थरथरत असेल, तर चारांतल्या एका होल्डरमध्ये जुना साठचा बल्ब लावून पाहावा. भार ६० वॅटच्या वर जातो आणि थरथर थांबली, तर भारच कमी पडत होता. अशा वेळी पिवळा बल्ब तसाच ठेवायची गरज नसते. एलईडीसाठी बनवलेला ट्रेलिंग-एज डिमर बसवावा. त्यात मॉसफेट असतात आणि ते लहर शून्यापासून सुरू करून शेवटचा भाग कापतात, त्यामुळे धक्का बसत नाही आणि किमान भारही खूप कमी लागतो. विकत घेताना त्याच्या खोक्यावरचा एलईडीसाठीचा वॅटचा आकडा बघावा, तारेच्या बल्बसाठीचा नाही. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापलेले असतात आणि एलईडीचा बराच लहान असतो. पंख्याचा रेग्युलेटर मात्र दिव्याला कधीच जोडू नये, बल्ब डिमेबल असला तरीही.