चौकट : साडेबावीस टक्क्यांचा वाद, एका तासिकेत

उलव्याच्या वर्गात नववीसाठी ठराव असा : ‘नवी मुंबई विमानतळासाठी जमीन देणाऱ्यांना साडेबावीस टक्के विकसित भूखंड हा मोबदला न्याय्य आहे.’ सिडकोची आधीची योजना साडेबारा टक्क्यांची, त्यामुळे तुलनेला आधार आहे.

तयारीसाठी आदली तासिका द्यावी. दोन्ही गटांनी दोन्ही बाजूंचे मुद्दे काढायचे. बाजू वादाच्या दिवशी नाणेफेकीने ठरते. आधीच ठरवली, तर मुलं घरातलंच मत पाठ करून येतात, आणि इथे बऱ्याच घरांत ते मत कडक असतं.

क्रम : अनुकूल, प्रतिकूल, पुन्हा अनुकूल, प्रतिकूल, प्रत्येकी तीन मिनिटं. मग दोन मिनिटं गटात कुजबुज. समारोप प्रतिकूल गट आधी करतो, अनुकूल शेवटी. दोन-दोन मिनिटं, नवा मुद्दा बाद. समारोपाचा क्रम उलटवला नाही, तर प्रतिकूल गटाला दोन्ही वेळा शेवटचा शब्द मिळतो.

गुणपत्रिका वीस गुणांची : पुरावा आठ, खंडन आठ, मांडणी चार. खंडनाच्या रकान्यात परीक्षकाने आधी समोरच्याचा मुद्दा लिहायचा, मग त्याला मिळालेलं उत्तर. समजा, एकजण म्हणाला, ‘साडेबारापेक्षा साडेबावीस जास्तच.’ त्यावर ‘टक्के सातबाऱ्यावरच्या जमिनीचे, खाडीत जाळं टाकणाऱ्याचं काय?’ हे खंडन झालं. ‘शेतकऱ्यांवर अन्याय झाला!’ हे नुसतं ठासून सांगणं, खंडनाला शून्य.

परीक्षकांनी आपापले गुण लिहीपर्यंत आपसात बोलू नये. टाळ्यांना रकानाच नाही.