पालेभाजीच्या गाडीचं घड्याळ

पुण्यात कोपऱ्यावर मेथी-कोथिंबिरीची हातगाडी लागते तेव्हा तिच्या मालकिणीचा निम्मा दिवस होऊन गेलेला असतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पालेभाजीच्या गाड्या रात्रीपासूनच यायला लागतात आणि पहाटे विक्री रंगात येते. त्यामुळे गाडीवाली बाई तीनच्या सुमारास उठते. एकाच भागातल्या चार-पाच विक्रेत्या मिळून टेम्पो ठरवतात, भाडं वाटून घेतात आणि चारच्या आसपास गाळ्यावर पोहोचतात.

किरकोळ गिऱ्हाईक एक जुडी मागतं, पण इथला भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांवर सांगितला जातो. पहाटे माल टवटवीत असतो आणि भाव चढा. सात-आठनंतर उरलेला माल संपवण्यासाठी आडते भाव उतरवतात. स्वस्तात मिळतं म्हणून तोवर थांबलं, तर माल मलूल झालेला असतो आणि तिकडे सकाळचं गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीवर गेलेलं असतं.

खरेदीत डोळ्यांपेक्षा हाताचा उपयोग जास्त. वरच्या जुड्या हिरव्यागार दिसतातच, म्हणून अनुभवी बाई ढिगाच्या मधोमध हात घालते. खुडलेली पानंही श्वास घेत असतात आणि त्यातून उष्णता निघते. दाबून रचलेल्या ढिगात ती कोंडते. आत ऊब लागली तर तो माल दुपारपर्यंत पिवळा पडणार, हे नक्की. जुडी नको इतकी ओली लागली, तर पाणी मारून ती जड केलेली असते आणि अशी पानं लवकर सडतात.

गाडीच्या जागी पोहोचल्याबरोबर बांधलेला माल मोकळा करायचा, म्हणजे कोंडलेली ऊब निघून जाते. पिवळी पानं आणि कुजके देठ काढायचे, सैल जुड्या पुन्हा बांधायच्या आणि ओलसर बारदानावर देठ खाली ठेवून मांडायच्या. पाणी शिंपडायचं ते बेतानं. पानांवर साचलेलं पाणी आणि ऊन एकत्र आलं की पान काळं पडतं. हे काम साडेसातच्या आत उरकावं लागतं, कारण डबे करणाऱ्या घरांचं, फिरायला निघालेल्यांचं आणि खानावळींचं गिऱ्हाईक साडेसात ते साडेदहा याच वेळात येतं.

या तीन तासांची किंमत एका उदाहरणातून कळते. समजा, मेथी बाराशे रुपये शेकडा मिळाली आणि टेम्पो व हमालीचे तिच्या वाट्याला दीडशे आले. खर्च झाला 1350. निवडताना आठ जुड्या बाद झाल्या, उरल्या 92. सकाळी वीस रुपयांनी 50 गेल्या, संध्याकाळी पंधरा रुपयांनी 30 आणि शेवटच्या 12 दहा रुपयांनी. हाती आले 1570, सुटले 220. आता तोच माल, पण टेम्पो तासभर उशिरा आला. सकाळी 30च जुड्या गेल्या, संध्याकाळी 40, शेवटी 22. हाती आले 1420, सुटले फक्त 70. खरेदीत काही चुकलं नाही, भावही तेच, फक्त सकाळचा एक तास गेला.

दुपारी बारा ते चार रस्ता ओस असतो. तेव्हा गाडी सावलीत घेऊन माल ओल्या बारदानाखाली झाकतात आणि जमलं तर पाठ टेकतात. पाचनंतर ऑफिसातून परतणारं गिऱ्हाईक सुरू होतं आणि साडेआठपर्यंत चालतं.

नंतरची आवराआवर म्हणजे उद्याच्या मालाची तयारीच. देठ-पाला वेगळा काढून जनावरं पाळणाऱ्याला किंवा ओल्या कचऱ्यात द्यायचा, गाडीखालची जागा झाडायची आणि बारदान धुऊन वाळत घालायचं. आंबूस वासाचं बारदान दुसऱ्या दिवशीच्या ताज्या पाल्यालाही सडवतं. शेवटी काय किती उरलं ते पाहून उद्याची खरेदी ठरते. मेथीच्या दहा-बारा जुड्या शिल्लक असतील, तर उद्या तेवढी कमी घ्यायची. शनिवारी यार्डातला भाजीबाजार बंद असतो, म्हणून शुक्रवारी पाला बेताचा आणि मिरची, आलं, लिंबू असा टिकाऊ माल जास्त घेतात. रविवारी बाजारात आवक मोठी असते आणि गिऱ्हाईकही निवांत असतं, म्हणून त्या दिवशी हात सैल सोडतात.

तेव्हा फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवायची भाजी सकाळी घ्या आणि ताज्या मालाचा भाव द्या. रात्रीच करायची असेल तर साडेसातनंतर जा, स्वस्त मिळेल. मात्र कधीही गेलात तरी जुडी सोडून, चिवडून परत ठेवू नका. तशी जुडी पुढचं गिऱ्हाईक घेत नाही आणि तिचा तोटा गाडीवालीच्या पदरात पडतो.