पाहुणे येणार, खोली हवी

‘मंगळवारी जपानहून पाहुणे येत आहेत. कॉन्फरन्स रूम, प्रोजेक्टर आणि चहा-नाश्त्याची व्यवस्था करावी.’ चाकणच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात असा मेल प्रशासन विभागाकडे जातो आणि पाचच मिनिटांत तिकडून फोन येतो. “मॅडम, माणसं किती? चहा कधी द्यायचा? लॅपटॉप आपला की त्यांचा? गाड्या आत सोडायच्या का?” मेल लिहिणारीला यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं ठाऊक असतात, पण ती तिने लिहिलेली नसतात. उरलेल्या निम्म्यांचा तिने विचारच केलेला नसतो, आणि भेटीच्या दिवशी घोटाळा होतो तो नेमका तिथेच.

यात कोणाचा आळशीपणा नसतो. पाहुणे कोण, कशासाठी येणार, काय बोलणार हे बोलावणाऱ्याला माहीत असतं. कोणत्या खोलीचा एसी नीट चालतो, कोणत्या भिंतीवर दुपारी ऊन येतं, चहाची गाडी लिफ्टमध्ये मावते की नाही, हे प्रशासनाला माहीत असतं. वस्तूंची यादी पाठवली की त्यांच्या हाती फक्त यादी पडते. त्याऐवजी त्या दिवसाचा घटनाक्रम कळवला, तर खोली, वस्तू आणि वेळ यांची जुळवणी ते आपल्यापेक्षा चांगली करतात.

म्हणून सुरुवात वेळेपासून करावी. आपल्या उदाहरणात जपानहून ८ जण येणार आहेत, सोबत एक दुभाषी. आपलं सादरीकरण २० मिनिटांचं, त्यांचं ३० मिनिटांचं, मध्ये पाव तास चहा आणि शेवटी थोडी प्रश्नोत्तरं. कागदावर हा सगळा दीड तासाचा मामला वाटतो. पण दुभाषी वक्त्याची काही वाक्यं ऐकून मग ती दुसऱ्या भाषेत सांगतो, त्यामुळे बोलण्याला जवळपास दुप्पट वेळ लागतो. आपली २० मिनिटं ४० होतात, त्यांची ३० मिनिटं तासभर. चहा धरून १ तास ५५ मिनिटं झाली, आणि प्रश्नोत्तरांना आणखी ३५ मिनिटं. साडेदहाला सुरू झालेली बैठक एकला संपते. खोली बारापर्यंतच घेतली असेल, तर पाहुण्यांचा मुख्य माणूस ऐन सादरीकरणात असताना पुढच्या बैठकीवाले दाराशी उभे राहतात. शिवाय मांडणीला आधी एक तास आणि निरोप घ्यायला नंतर अर्धा तास हवा. म्हणजे मागणी साडेनऊ ते दीड अशी असली पाहिजे. वार निवडतानाही प्रशासनाला विचारून घ्यावं. पुणे परिसरात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा प्रघात आहे, आणि जनरेटरवर खोलीचा एसी चालतो की नाही हे त्यांनाच माहीत असतं.

माणसं मोजतानाही अशीच गफलत होते. ८ पाहुणे, दुभाषी आणि आपले ६ जण मिळून १५ खुर्च्या. पण चहा १७ जणांचा, कारण दोन गाड्यांचे चालक फाटकाजवळ थांबलेले असतात. खुर्च्या आणि चहा हे दोन आकडे वेगवेगळे लिहावेत. बसण्याची जागाही कळवावी. जपानी रीतीप्रमाणे दारापासून सर्वांत लांबची जागा मानाची, तेव्हा पाहुण्यांना आतल्या बाजूला बसवायचं आणि यजमानांनी दाराकडच्या बाजूला बसायचं. दुभाष्याला मात्र टेबलाच्या टोकाला ढकलू नये. तो दोन्हीकडच्या प्रमुखांच्या जवळ असला, तरच कोणाला मान वळवून बोलावं लागत नाही.

आता प्रोजेक्टर. यंत्र स्वतः क्वचितच दगा देतं. अडचण येते ती लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांच्यामधल्या हातभर वायरीत. खोलीतली केबल एचडीएमआयची असते आणि पाहुण्यांच्या नव्या, पातळ लॅपटॉपला फक्त यूएसबी-सीचं भोक असतं. मग कोणीतरी सुचवतं, “पेन ड्राइव्हवर द्या, आमच्या लॅपटॉपवर लावतो.” पण अनेक कारखान्यांत सुरक्षेसाठी पेन ड्राइव्ह बंद केलेले असतात. ते चालू असले तरी आपल्या लॅपटॉपवर मूळचा जपानी फॉन्ट नसला, तर दुसराच फॉन्ट लागतो आणि ओळी चौकटीबाहेर जातात. त्यापेक्षा त्यांचाच लॅपटॉप वापरायचा हे आधी ठरवावं आणि यूएसबी-सी ते एचडीएमआय जोडणी मागून ठेवावी. जपानी चार्जरच्या चपट्या दोन पात्या आपल्या सॉकेटमध्ये नीट बसत नाहीत, म्हणून दोन-तीन प्लग अ‍ॅडॅप्टरही मागावेत. चार्जरवर १००-२४० व्होल्ट असं छापलेलं असेल, तर आपल्या विजेची भीती नाही. व्हिडिओ दाखवणार असतील तर तेही लिहावं. एचडीएमआयमधून आवाज प्रोजेक्टरकडे जातो, आणि तिथला छोटा स्पीकर १५ माणसांच्या खोलीला पुरत नाही. पाहुण्यांसाठीचं वायफाय आणि बाहेरच्या लॅपटॉपला परवानगी हे आयटी विभागाचं काम, म्हणून मेलची प्रत त्यांनाही जावी.

आदल्या दिवशी खोलीत जाऊन एकदा सगळं जोडून पाहावं. पडद्यावर काहीच उमटलं नाही, तर Windows + P दाबून Duplicate निवडावं. पडदे ओढून शेवटच्या खुर्चीत बसावं आणि तक्त्यातले आकडे वाचता येतात का पाहावं. येत नसतील तर दुसरी खोली किंवा मोठा टीव्ही मागायला अजून वेळ असतो.

चहापाण्याबद्दल माझं ठाम मत आहे: बैठक चालू असताना कोणी ट्रे घेऊन आत येऊ नये. दुभाष्याचं वाक्य तुटलं की दोन्ही बाजूंचा धागा तुटतो. खोलीबाहेर टेबल लावावं आणि आपलं सादरीकरण संपेल तेव्हा, म्हणजे ११ वाजून १० मिनिटांनी, तिथे चहा तयार असावा. दुधाच्या चहाचा दोन लिटरचा थर्मास, बिनसाखरेचा वेगळा, आणि ग्रीन टीसाठी गरम पाणी. समोसे-भजी टाळलेली बरी. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी देण्याघेण्याचा प्रसंग असतो, तिथे बोटं तेलकट नकोत. खाण्याची पथ्यं आणि अ‍ॅलर्जी अंदाजाने ठरवू नयेत, पाहुण्यांच्या समन्वयकाला विचारून लिहावीत. एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या कपांवर आणि ताटल्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा चिनी मातीचे कप मागावेत.

हे सगळं मेलमध्ये एवढंच होतं:

‘मंगळवारी सकाळी १०.३० ते १.०० जपानी शिष्टमंडळासोबत बैठक आहे. खोली ९.३० ते १.३० हवी. खुर्च्या १५, यू आकारात, पाहुणे आतल्या बाजूला. सादरीकरण पाहुण्यांच्या लॅपटॉपवरून, व्हिडिओसह. यूएसबी-सी जोडणी, स्पीकर, ३ प्लग अ‍ॅडॅप्टर आणि पाहुण्यांचं वायफाय लागेल. चहा ११.१० ला खोलीबाहेर, १५ जणांना. २ चालकांना फाटकाजवळ. एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. दुपारचं जेवण १.१५ ला कॅन्टीनमध्ये, त्याची मागणी वेगळी पाठवली आहे. पाहुण्यांची नावं, गाड्यांचे नंबर आणि लॅपटॉपचे सीरियल नंबर गेटपाससाठी सोबत जोडले आहेत. खर्च विक्री विभागाच्या खात्यावर, मंजुरी सोबत. सोमवारी ४ वाजता खोलीत चाचणी घेऊ. तुमच्यापैकी कोण येईल ते कळवावे.’

परदेशी पाहुणे कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर मुक्कामाला असतील, तर एक ओळ वाढवावी लागते. ते आल्यापासून २४ तासांच्या आत त्यांची माहिती ऑनलाइन भरावी लागते आणि त्यासाठी पासपोर्ट व व्हिसाच्या प्रती लागतात. ही जबाबदारी मुक्कामाची सोय करणाऱ्याची, म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रशासन विभागाचीच असते. रात्री उशिरा पोहोचलेल्या माणसाकडे कागद मागण्यापेक्षा समन्वयकाकडून ते आधीच मागवलेले चांगले.

आकडा बदलला तर सोमवारी दुपारपर्यंत कळवावा, कारण कॅन्टीनचा किराणा संध्याकाळी निघतो. त्यानंतर विमान चुकलं, गाडी तळेगावच्या रस्त्यावर अडकली, असं काही झालं तर मेल करत बसू नये. थेट फोन करावा. तो कोणाला करायचा, त्या माणसाचं नाव आणि नंबर मेलच्या शेवटच्या ओळीत असू द्यावा.