तळघरातला वायू, डबीतला आकडा

डिसेंबर १९८४. पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणारे अभियंता स्टॅन्ली वॉट्रस दारातल्या किरणोत्सर्ग तपासणी यंत्रातून गेले, की भोंगा वाजायचा. केंद्रातून वीजनिर्मिती अजून सुरूच झाली नव्हती. शिवाय भोंगा ते कामावर येतानाही वाजत होता. म्हणजे किरणोत्सर्ग ते बाहेरून, स्वतःच्या घरातून, अंगावर घेऊन येत होते. घरातली हवा तपासली तेव्हा लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी रेडॉन सापडला. घनमीटरमागे बेकरेलमध्ये सांगायचे तर जवळजवळ एक लाख. अमेरिकेत घर दुरुस्त करून घ्या असे आज ज्या पातळीला सांगतात, ती आहे ४ पिकोक्युरी, म्हणजे १४८ बेकरेल.

यातली खरी गंमत अशी, की भोंगा रेडॉनमुळे वाजलाच नव्हता. रेडॉन हा निष्क्रिय वायू. तो कपड्यांना चिकटून राहत नाही, श्वासाबरोबर आत जातो आणि बहुतांशी तसाच बाहेर येतो. वॉट्रस यांच्या अंगावर होते ते त्याचे वंशज.

जमिनीतल्या खडकांमध्ये थोडेफार युरेनियम सगळीकडेच असते. त्याच्या ऱ्हासातून पुढे रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन-२२२ तयार होतो. याचा अर्धायुकाल ३.८ दिवसांचा, म्हणजे मातीतल्या फटींतून वर सरकत घरात शिरायला पुरेसा. घरात आल्यावर तो फुटतो आणि पोलोनियम-२१८ बनतो. त्यानंतर शिसे-२१४, बिस्मथ-२१४ आणि पोलोनियम-२१४ अशी साखळी भराभर पुढे जाते. यातल्या कोणाचाही अर्धायुकाल अर्ध्या तासापलीकडे नाही. ही सगळी धातूंची मूलद्रव्ये आहेत. जन्मल्याबरोबर ती हवेतल्या धुळीला, धुराला, कापडाला चिकटतात आणि धुळीबरोबर श्वासनलिकेच्या अस्तरावर जाऊन बसतात. दोन्ही पोलोनियम अल्फा कण सोडतात. अल्फा कणाला साधा कागद अडवतो आणि आपली वरची मृत त्वचाही अडवते, पण फुफ्फुसाच्या अस्तरावर तसले कवच नसते. तिथल्या जिवंत पेशींना त्याचा थेट मार बसतो. रेडॉनचा धोका म्हणतात तो मुख्यतः या वंशजांचा.

मग मोजतात मात्र वायूच, ते का? कारण वंशजांचे प्रमाण लहरी असते. पंखा लावला, कोणी उदबत्ती पेटवली, हवा शुद्ध करणारे यंत्र चालू केले, की ते लगेच बदलते. वायूची पातळी त्या मानाने स्थिर राहते. म्हणून वायू मोजायचा आणि घरात वंशज सरासरी त्याच्या ०.४ पट समतोलाला असतात असे धरून डोसाचा हिशोब करायचा, ही रूढ पद्धत. हवा गाळणारे यंत्र घेऊन रेडॉनचा प्रश्न सुटला असे समजणारे लोक इथेच फसतात. यंत्र धूळ काढते, वायू नाही. आणि धूळ कमी झालेल्या हवेत नव्याने जन्मलेले पोलोनियमचे सुटे अणू उरतात, जे श्वसनमार्गात अधिक सहज चिकटतात.

मोजमापाचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे सक्रिय कोळशाची डबी. ती घरात दोन ते सात दिवस उघडी ठेवतात, रेडॉन कोळशात शोषला जातो, मग डबी घट्ट बंद करून तातडीने प्रयोगशाळेकडे पाठवतात. तिथे वंशजांचे गॅमा किरण मोजून वायूचा हिशोब लागतो. डबी टपालात आठवडाभर रखडली, तर तीन चतुर्थांश रेडॉन वाटेतच संपतो. हवेतला दमटपणाही कोळशाची जागा खातो. दुसरे साधन प्लॅस्टिकच्या छोट्या तुकड्याचे. तो तीन महिने ते वर्षभर घरात राहतो, अल्फा कण त्यावर सूक्ष्म ओरखडे उमटवतात. नंतर अल्कलीत बुडवून ते मोठे करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. काम कंटाळवाणे, पण वर्षाची सरासरी त्यातूनच कळते.

वर्षाची सरासरी का हवी? घर बंद असते, आतली हवा गरम असते, तेव्हा ती वर चढून निसटते आणि खालून जमिनीतला वायू ओढला जातो. त्यामुळे थंडीत आकडा वाढतो, आणि रोजच्या रोज रात्री-पहाटे चढून दुपारी उतरतो.

समजा, न्यू जर्सीत एक मराठी जोडपे घर विकत घेत आहे. हे उदाहरण मुद्दाम घेतले: वॉट्रस यांचे घर ज्या युरेनियमयुक्त खडकपट्ट्यावर होते, तो रेडिंग प्राँग पट्टा उत्तर न्यू जर्सीतूनही जातो. जानेवारीत तळघरात दोन दिवस ठेवलेल्या डबीचा निकाल आला ५.२, म्हणजे सुमारे १९२ बेकरेल. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी १०० आहे आणि ते जमत नसेल तर ३०० च्या वर जाऊ नये असे ती सांगते. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या सल्ल्यानुसार ४ ते ८ मधला निकाल आला, तर दुसरी चाचणी करून खात्री करायची. ती लांब मुदतीची असली तर उत्तम. राहत्या मजल्यावरचा वर्षाचा आकडा तळघरातल्या हिवाळी आकड्यापेक्षा बराच कमी निघू शकतो.

आणि १९२ खरेच असतील तर? युरोपातल्या १३ अभ्यासांचे एकत्र विश्लेषण २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दीर्घकाळच्या प्रत्येक १०० बेकरेलमागे फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. म्हणजे १९२ ला साधारण ३० टक्के. आकडा घाबरवणारा वाटतो, पण कशाच्या ३० टक्के हे पाहायला हवे. कधीही धूम्रपान न केलेल्यांमध्ये वयाच्या ७५ पर्यंत हजारात चार मृत्यू या कर्करोगाने होतात, तिथे पाच होतील. नियमित सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये मात्र हजारात शंभराचे एकशे तीस. रेडॉन तोच, घर तेच. सिगारेटमुळे भर पंचवीसपटीहून जास्त.

उपाय अवघड नाही. तळजमिनीला भोक पाडून तिच्याखाली नळी घालायची आणि पंख्याने तिथली हवा खेचून छपरावर सोडायची, म्हणजे वायू घरात शिरण्याआधीच बाहेर जातो. वॉट्रस यांच्या घरातली पातळीही दुरुस्तीनंतर ४ च्या खाली आली. शेजारच्या घरात मात्र मुळातच काही वावगे नव्हते. त्यामुळे नकाशा किंवा शेजाऱ्याचा अहवाल पाहून स्वतःच्या घराबद्दल अंदाज बांधता येत नाही.

आपल्याकडे बहुतेक घरांना तळघर नसते, खिडक्या उघड्या असतात, त्यामुळे पातळी सहसा खूप चढत नाही. भारतीय घरांत मोजताना वेगळी पंचाईत होते. थोरियमपासून येणारा थोरॉन हा रेडॉनचाच भाऊ, अर्धायुकाल जेमतेम ५६ सेकंद. तो माती-विटांच्या भिंतीतून निघतो आणि थोड्याच अंतरात संपतो. मापक भिंतीला टेकवून ठेवला तर थोरॉनचे ओरखडे रेडॉनच्या खात्यावर पडतात. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात यासाठी दोन कप्प्यांचा मापक बनवला गेला. पहिल्या कप्प्यात दोन्ही वायू शिरतात. दुसऱ्यात जायला टाचणीएवढी भोके असतात आणि तिथून झिरपायला जो वेळ लागतो, तेवढ्यात थोरॉन फुटून जातो. दोन्ही कप्प्यांतल्या फिल्मवरचे ओरखडे मोजून वजाबाकी केली, की कोणाचा वाटा किती ते कळते.