चेहऱ्याचे माप डोळ्यांवरून

ओळखपत्रांसाठी सगळ्यांचे फोटो एकाच मापात कापले, तरी चेहरे लहानमोठे दिसतात; कारण प्रत्येक जण कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर नसतो. म्हणून कापणी डोळ्यांवरून ठरवतात. सॉफ्टवेअर दोन्ही बुबुळे शोधून त्यांना जोडणारी रेषा आडवी करते आणि त्यांतले अंतर सर्व फोटोंत सारखे ठेवते. समजा, २९५ × ४१३ पिक्सेलच्या फोटोत हे अंतर ७२ हवे आहे. मूळ फोटोत ते २४० असेल, तर फोटो ०.३ पट करतात. मग बुबुळांचा मध्य वरून १७५ पिक्सेलवर, आडवा बरोबर मधोमध ठेवून कापतात. मान वळलेली असेल, तर बुबुळांतले अंतर कमी भरते आणि चेहरा अवाजवी मोठा होतो. सगळे फोटो शेजारी मांडले, की असा चेहरा लगेच नजरेत भरतो. तो हाताने कापावा.