खंडाने दिलेली जमीन पाडव्याला रिकामी होते का?

गावाकडे जमीन बहुधा पाडव्याला खंडाने जाते आणि पुढच्या पाडव्याला परत येते. भांडण लागते ते पिकावरून. समजा, दोन एकर सोयाबीनसाठी दिले. ते ऑक्टोबरात निघते, मागून पेरलेला हरभराही पाडव्याआधी खळ्यात येतो. पण कसणाऱ्याने जुलैत आडसाली ऊस लावला, तर पाडव्याला तो उभाच असतो. तोडणीला सोळा-अठरा महिने लागतात आणि मग खोडवा ठेवू द्या म्हणून विनवणी येते. म्हणून मुदतीबरोबर पीकही ठरवून घ्यावे.

रोख खंडात पावसाने दगा दिला की सारा तोटा कसणाऱ्याचा. निम्म्या बटाईत तो दोघांत वाटला जातो. कोरडवाहू जमिनीला मला हीच रीत न्याय्य वाटते. मात्र बी-खत कुणाचे आणि मळणीची मजुरी वाटणीआधी वजा करायची का, हे पेरणीपूर्वीच बोलावे.

विहीर सामाईक असेल तर पाण्याच्या पाळ्या, वीजबिल आणि जळालेल्या मोटारीची दुरुस्ती यांचाही निकाल तेव्हाच लावावा.

1948च्या कूळ कायद्याच्या धास्तीने अनेक मालक काहीच लिहून देत नाहीत. मग गारपिटीची भरपाई सातबाऱ्यावरच्या मालकाच्या खात्यात जाते आणि पीक गमावलेला हात हलवत बसतो. ती रक्कम कुणाची, हे कागदावर हवेच.

जमीन देताना दोघांनी मिळून बांधावरून फिरावे. बांधाची रुंदी, ठिबकच्या नळ्या टिपून ठेवाव्यात. परत घेताना पऱ्हाट्या उपटलेल्या आहेत का, बांध कोरलेला नाही ना, हे त्याच टिपणावरून पाहता येते.